फाटकावर बंदी, घरी सक्ती

शाळेत मोबाईल आणू द्यावा का, या प्रश्नावर आपल्याकडे दोनच उत्तरे ऐकू येतात. मोबाईलने मुले बिघडली, बंदी घाला. किंवा जमाना डिजिटल आहे, मुलांना मागे ठेवू नका. पुरावा दोन्हींकडे थोडाथोडा आहे, म्हणून तो नीट वाचायला हवा.

बंदीच्या बाजूचा सर्वात गाजलेला अभ्यास इंग्लंडचा आहे. बेलँड आणि मर्फी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर आणि लेस्टरच्या ९१ शाळांचे निकाल तपासले. बंदी आल्यावर सोळा वर्षांच्या मुलांचे गुण सरासरीने थोडे वाढले. शाळेचे वर्ष पाच दिवसांनी लांबवले तर जेवढा फरक पडेल, साधारण तेवढे. पण खरी गोष्ट सरासरीच्या आत आहे. वर्गात सर्वात मागे असलेल्या मुलांचा फायदा सरासरीच्या दुपटीहून जास्त होता आणि पुढच्या मुलांना काहीच फरक पडला नाही. हुशार मूल खिशात फोन असूनही धडा पकडते. ज्याच्या घरी शिकवायला कोणी नाही, ज्याला वर्गातच काय ते कळणार, त्याचे लक्ष एकदा उडाले की तास गेला. आपल्या मोहल्ल्यातली पहिल्या पिढीची मुले कोणत्या गटात असतात, हे मी सांगायला नको.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक सांगतो. नोटिफिकेशनचे दोन नमुने दोन गटांना पाठवतात आणि ज्यावर जास्त बोटे पडतात तो ठेवतात. हा आमच्या क्षेत्रातला रोजचा प्रकार आहे. चौदा वर्षांच्या मुलाने निव्वळ निश्चयाच्या जोरावर याला तोंड द्यावे, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये २०२० साली हाच अभ्यास तिथल्या शाळांवर करून पाहिला, तेव्हा गुणांत काही वाढ सापडली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांतल्या १,२२७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक दिसला नाही, कारण त्यांचा दिवसभरातला एकूण मोबाईल-वेळ जवळपास सारखाच राहिला. फोनवर जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांची झोप आणि मन:स्थिती मात्र वाईट होती. म्हणजे शाळेतली बंदी शाळेचे तास वाचवते, रात्र वाचवत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, ती या दुसऱ्या अर्ध्या कामासाठी.

पण नांदेड-लातूरकडे एक तिसरीच अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. फाटकावर मोबाईल अडवणारी शाळाच संध्याकाळी गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. क्लासची टेस्ट लिंकवर, नोट्स पीडीएफमध्ये. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो अब्बांसोबत कामावर जातो, तिथल्या मुलाला रात्री नऊपर्यंत गृहपाठ काय आहे हेच कळत नाही. मुलींचे आणखी अवघड. २०२४ च्या ‘असर’ सर्वेक्षणात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २७ टक्क्यांकडे. भावाचा फोन मागून अभ्यास करायचा, तोही तो देईल तेव्हा.

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात एका शेतकऱ्याने आणि लातूर जिल्ह्यात शिकणाऱ्या त्याच्या मुलाने जीव दिला. मुलाने अभ्यासासाठी मोबाईल मागितला होता आणि कर्जात बुडालेल्या वडिलांना तो घेऊन देणे शक्य नव्हते, असे बातम्यांत आले. अशा मृत्यूंचे कारण एका वस्तूवर टाकू नये. पण फोन ही अभ्यासाची अट कोणी आणि कधी केली, हा प्रश्न तरी विचारायला हवा.

म्हणून माझे मत असे : दहावीपर्यंत वर्गात मोबाईल नको, पण ही बंदी शाळेवरही लागू असावी. गृहपाठ फळ्यावर लिहून वहीत उतरवून घ्यावा, नोट्सची छापील प्रत वर्गात ठेवावी, संगणक कक्षाला कुलूप नसावे. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या मुला-मुलींना मात्र फोन आणू द्यावा. शेवटची बस चुकली तर घरी कळवणार कसे? दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये सरसकट बंदी व्यवहार्य नाही असे म्हणत, शक्य तिथे शाळेत फोन जमा करून घेण्याचा मार्ग सुचवला. सकाळी फोन बंद करून नाव लिहिलेल्या पिशवीत द्यायचा, सुटताना घ्यायचा. सायलेंटवर नव्हे, पूर्ण बंद. थरथरणारा फोनही लक्ष ओढतोच.

पुढच्या पालकसभेत तुमच्या धाकट्या भावंडांसाठी तुम्ही गेलात, तर बंदीच्या ठरावावर अम्मी-अब्बांची सही होण्याआधी मुख्याध्यापकांना एवढेच विचारा : सर, उद्यापासून गृहपाठ कुठे मिळणार?