दहा दिवसांचं मौन: सुट्टी की काम?

"परीक्षा संपली की इगतपुरीला जाऊन दहा दिवस शांत पडून राहू," असं आपल्याकडे हल्ली बरेच जण म्हणतात. नंदीग्राम एक्सप्रेस आदिलाबादवरून त्याच मार्गाने मुंबईला जाते, त्यामुळे बेत सोपा वाटतो. पण माझं मत विचाराल, तर 'पडून राहू' हे शब्द आधी खोडा.

सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं हे विपश्यना शिबिर. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र 1976 पासूनचं. पहाटे चारला घंटा होते आणि साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात जवळजवळ साडेदहा तास ध्यान. अकराला जेवण, आणि नवख्यांना संध्याकाळी पाचला चहा-फळं. रात्रीचं जेवण नाही. बोलणं, खुणा, फोन, वाचन, लेखन सगळं बंद. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून बारा तारखा मोकळ्या ठेवाव्या लागतात.

पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू होते: डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं. त्यानंतर रोज तीनदा, एकेक तास, हात-पाय न हलवता बसायचं. चाळीसाव्या मिनिटाला माझा गुडघा पेटायचा आणि उठल्यावर दोन मिनिटांत विझायचा. तेच तर शिकायचं असतं. मात्र चालतानाही दुखणं राहिलं, किंवा सलग रात्री झोपच आली नाही, तर गप्प बसू नये. आचार्यांशी बोलायला मौनातही परवानगी असते, आणि गरज असेल तर खुर्ची मिळते.

आपल्यासारख्या कॅथलिक मुलामुलींसाठी खरी अट वेगळीच आहे. तिथे जपमाळ, प्रार्थना, बायबल, सगळं दहा दिवस बाजूला ठेवायला सांगतात; रविवारची मिस्सा तर चुकतेच. संत इग्नेशियसच्या रिट्रीटमध्येही मौन असतं, पण तिथे हातात शुभवर्तमान असतं आणि मार्गदर्शकाशी रोज बोलणं होतं. दोन्ही मौनं सारखी नाहीत. मला रात्री 'हे आमच्या बापा' ओठांवर यायचं, आणि ते थांबवणं गुडघ्यापेक्षा जड गेलं. ज्याला हे मान्य नाही त्याने सरळ रिट्रीट हाऊस गाठावं, त्यात कमीपणा काही नाही.

मग हे कोणाला जमेल? ज्याची तब्येत आणि झोप ठीक आहे, आणि ज्याला स्वतःचं मन बघायचं कुतूहल आहे, त्याला. नुकतंच घरात कोणी गेलंय, किंवा नैराश्यावर औषध चालू आहे, त्याने आधी डॉक्टरांना विचारावं आणि फॉर्मवर काही लपवू नये. 'एक दिवस करून बघू' हा मार्ग नाही, कारण एक आणि तीन दिवसांची शिबिरं जुन्या साधकांसाठीच असतात.

फी नसते. नवख्याकडून दानही शिबिर पूर्ण झाल्यावरच घेतात. त्यामुळे पैसे वाया जायची भीती नाही; प्रश्न फक्त बारा दिवसांचा आहे. थकवा घालवायचा असेल तर ते बारा दिवस आजीकडे काढा.