पोटॅशियम क्लोराइडच्या लेबलवरील तीन गोष्टी

पोटॅशियम क्लोराइडच्या १० मिलीच्या ॲम्प्युलवर ठळक दिसते ते ‘१५ टक्के’. म्हणजे १०० मिलीत १५ ग्रॅम, एका मिलीत १५० मिलिग्रॅम. डॉक्टरांची ऑर्डर मात्र बहुधा एमईक्यूमध्ये असते. या द्रावणाच्या एका मिलीत सुमारे २ एमईक्यू पोटॅशियम असते, म्हणून पूर्ण ॲम्प्युलमध्ये २०. ‘२० एमईक्यू’ घाईत ‘२० मिली’ असे वाचले गेले, तर दोन ॲम्प्युल फुटतात आणि रुग्णाला दुप्पट पोटॅशियम जाते. लेबलवरचा टक्क्याचा आकडा सर्वात मोठा दिसत असला, तरी मात्रा ठरवताना तो सर्वात कमी उपयोगाचा असतो. प्रति मिली किती आणि पूर्ण ॲम्प्युलमध्ये किती, हे दोन्ही वाचावे लागते.

दुसरी ओळ मार्गाची. हे औषध शिरेतूनच जाते, पण पातळ करून. ‘शिरेतून’ एवढेच वाचून ते सिरिंजने थेट दिले, तर रक्तातील पोटॅशियम एकदम वाढते आणि हृदय काही क्षणांत थांबू शकते. निर्जंतुक पाण्याची १० मिलीची प्लॅस्टिक ॲम्प्युल दिसायला अगदी अशीच असते. पावडरची व्हायल विरघळवताना पाण्याऐवजी पोटॅशियम हाती आले, तर सिरिंजमधील द्रव पाहून काहीच कळत नाही, कारण दोन्ही रंगहीन. म्हणूनच तीव्र पोटॅशियम पाण्याच्या खणात ठेवू नये. शक्यतो वॉर्डातच ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ साली तीव्र इलेक्ट्रोलाइट द्रावणांवर नियंत्रण ठेवण्याचा आग्रह धरला होता.

तिसरी ओळ पातळ करण्याची. समजा, ऑर्डर आहे २० एमईक्यू, ५०० मिली नॉर्मल सलाइनमध्ये. एक ॲम्प्युल घातल्यावर लिटरमागे ४० एमईक्यू इतकी तीव्रता होते. हातावरच्या शिरेसाठी सहसा हीच मर्यादा धरतात. तासाला १० एमईक्यू या नेहमीच्या वेगाने ही बाटली दोन तासांत, म्हणजे तासाला २५० मिलीने जाईल. एक चूक मात्र अंकगणितात दिसत नाही. टांगलेल्या बाटलीत पोटॅशियम घालून ती तशीच चालू ठेवली, तर जड द्रावण तळाशी साचते आणि रुग्णाला सुरुवातीलाच तीव्र भाग मिळतो. बाटली खाली काढून, औषध घालून, अनेकदा उलटसुलट करावी आणि मगच लावावी.

पोटॅशियम नुसते पातळ करायचे असते; पावडरच्या औषधांत मात्र विरघळवणारा द्रव मार्गही ठरवतो, हे सेफ्ट्रियाक्सोनच्या व्हायलवरून स्पष्ट होते. स्नायूत देताना वेदना कमी व्हाव्यात म्हणून ते लिग्नोकेनमध्ये विरघळवतात. ते मिश्रण शिरेत कधीही देता येत नाही. शिरेसाठी निर्जंतुक पाणी वापरतात. रिंगर लॅक्टेटमध्ये मात्र ते मिसळू नये, कारण त्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन साका तयार होऊ शकतो.