पहिलटकरीण आणि टाक्यांची धास्ती

गेल्या पावसाळ्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेली एक पहिलटकरीण आईबरोबर माझ्याकडे आली. नववा महिना नुकताच लागला होता. तपासणी झाली, सारे ठीक होते, तरी मुलगी उठेना. शेवटी आईच म्हणाली, "डॉक्टरबाई, हिच्या चुलत बहिणीने सांगितलंय, खालून कात्रीने कापतात नि महिनाभर बसता येत नाही. तेव्हापासून हिला झोप नाही. सिझेरियनच करा म्हणते."

तिची भीती खोटी नव्हती. आम्ही शिकलो तेव्हा पहिलटकरणीला छेद द्यायचा हा नियमच होता. 'आपोआप फाटण्यापेक्षा सरळ कापलेले बरे' असे आम्हाला शिकवले गेले आणि मीही अनेक वर्षे तसेच केले. आज माझे मत बदलले आहे. सरसकट छेद देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

योनिमार्ग आणि शौचाची जागा यांच्यामधला भाग बाळाचे डोके बाहेर येताना ताणला जातो. पहिल्या खेपेला तेथे थोडेफार फाटणे अगदी नेहमीचे आहे. बहुधा फक्त कातडी किंवा तिच्याखालचा थोडा स्नायू फाटतो आणि तो चांगला भरून येतो. शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूपर्यंत फाटणे हे खरे गंभीर, पण ते थोड्याच जणींत घडते. छेद दिला की कातडी आणि स्नायू दोन्ही कापले जातात. म्हणजे जी कदाचित थोडीशीच फाटली असती, तिलाही आपण हमखास मोठी जखम देतो. सरसकट छेदाने गंभीर फाटणे टळते, हा समजही अभ्यासात टिकलेला नाही.

मात्र छेद कधीच नको, असे मी म्हणणार नाही. बाळाचे ठोके मंदावले किंवा चिमटा लावून बाळ काढावे लागले, तर तो योग्य ठरतो. त्या वेळी बधिर करण्याचे इंजेक्शन मात्र दिलेच पाहिजे.

त्या मुलीला मी घरी करायचा मसाज सांगितला. तो साधारण 35 व्या आठवड्यापासून करतात. नखे कापून हात स्वच्छ धुवावेत. उशीला टेकून, गुडघे दुमडून बसावे. अंगठ्याला साधे खोबरेल तेल लावून तो योनिमार्गात दीड-दोन पेरे आत घालावा आणि खाली, शौचाच्या जागेच्या दिशेने, हळू दाबावा. ताण व किंचित चुरचुर जाणवली की मिनिटभर तसेच थांबावे. मग खालच्या बाजूने अर्धगोलात, डावीकडून उजवीकडे अंगठा फिरवावा. पाच मिनिटे पुरे. आठवड्यातून एक-दोनदा केले तरी चालते. दुखले तर दाब कमी करावा. वरच्या बाजूला, लघवीच्या जागेवर दाबू नये. अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेले असेल, वार खाली असेल किंवा जंतुसंसर्ग असेल, तर मसाज करू नये.

याने टाके टळतीलच असे नाही. पहिलटकरणींपैकी साधारण पंधराजणींनी मसाज केला, तर एकीचे टाके वाचतात. पण तो ताण ओळखीचा झाला की ऐन वेळी अंग आखडत नाही, असे मला बायका सांगतात.

त्या मुलीच्या कळा रात्रभर चालल्या. पहाटे डोके दिसू लागले, तेव्हा आम्ही कोमट पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके खाली धरले. डोके बाहेर येताना तिला जोर थांबवून तोंडाने छोटे श्वास घ्यायला लावले आणि डोके हाताने आधार देत सावकाश येऊ दिले. ठोके चांगले होते, म्हणून छेद दिला नाही. थोडे फाटले. बधिर करून तीन टाके घातले. ते आपोआप विरघळणारे होते, काढावे लागले नाहीत.

आठवडाभर बसताना दुखले, मग कमी होत गेले. लघवी करताना कोमट पाणी ओतत राहायचे, जागा कोरडी ठेवायची आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही, एवढेच मी सांगितले होते. आजीने शेगडी आणि धुरीची तयारी केली होती. "आजी, टाक्यांवर धग नको," म्हटल्यावर त्यांनी ऐकले.

दुखणे वाढू लागले, ताप आला, घाण वास आला, टाके उसवले, किंवा वारा अथवा शौच रोखता येईना, तर लाजून घरी बसू नये. त्याच दिवशी दाखवावे.

आणि नवव्या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : "तुम्ही सगळ्यांनाच छेद देता, की गरज पडली तरच?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्याचे नीट उत्तर देणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे.