आधी गच्ची, मग यंत्र



नागपूरच्या आपल्या वरच्या मजल्यावरील खोलीस दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पुरत नाही, म्हणून आपण दोन टनांचे घेऊ इच्छिता. तत्पूर्वी रात्री 9 वाजता शिडीवर चढून छताला आतून हात लावून पाहावा. ते भिंतींहून अधिक तापलेले असल्यास दोष यंत्राचा नव्हे; दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री ती उष्णता खोलीत सोडीत असतो. मोठे यंत्र ती केवळ अधिक वीज खर्चून बाहेर टाकील.

प्रथम गच्चीची गळती बंद करावी. मग जलरोधक थरावर 50 मिलिमीटर जाडीचे पॉलिस्टायरीनचे तक्ते बसवून वर उतार राखीत पांढऱ्या फरश्या घालाव्यात. पश्चिमेच्या खिडकीतील ऊन मात्र याने थांबणार नाही. तिला बाहेरून पडदाच हवा. एक उन्हाळा पाहून मगच यंत्राचा विचार करावा.

आपला,
वास्तुशिल्पज्ञ