गाठोडे बांधल्याने ओझे हलके होत नाही

स्नेहसंमेलनाची वा सहलीची छायाचित्रे पालकांकडे धाडण्याची वेळ आली की हल्ली शाळेत व घरीदारी एकच सल्ला ऐकू येतो : "सगळी झिप करा, म्हणजे लहान होतील." सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु झिप तयार झाल्यावर पाहावे, तो तिचा आकार मूळ छायाचित्रांच्या बेरजेइतकाच भरतो. ईमेल तिला जड म्हणून नाकारते, आणि दोष मात्र इंटरनेटच्या माथी मारला जातो. छायाचित्रे लहान करण्याचा उपाय म्हणून हा सल्ला टाकून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे समजण्यासाठी झिप नेमके काय करते ते प्रथम पाहू.

झिपमध्ये सामान्यतः 'डिफ्लेट' नावाची रीत वापरतात. तिची कामे दोन. पहिले काम पुनरुक्ती शोधण्याचे. वर्गाच्या पटावर प्रत्येक नावापुढे "इयत्ता आठवी, तुकडी अ" असे पुनःपुन्हा लिहिण्याऐवजी आपण "वरीलप्रमाणे" अशी खूण करतो. तसेच डिफ्लेट मागील ३२,७६८ बाइटांत तोच मजकूर येऊन गेला आहे काय, हे पाहते आणि सापडल्यास "इतके मागे जा, इतकी अक्षरे उतरून घे" एवढेच नोंदवते. ही कल्पना झिव व लेंपेल यांनी १९७७ साली मांडली. दुसरे काम डेव्हिड हफमन यांच्या १९५२ सालच्या युक्तीचे. जे चिन्ह वारंवार येते त्याला आखूड संकेत द्यावा, जे क्वचित येते त्याला लांब. म्हणजे एकूण लिखाण आटोपशीर होते. साधा मजकूर, हिशेबाचे तक्ते, कार्यक्रमाज्ञावली यांत पुनरुक्तीही पुष्कळ असते व काही अक्षरे इतरांहून फार अधिक येतात. म्हणून तेथे झिप आकार निम्म्याहूनही खाली आणू शकते.

आता छायाचित्राकडे वळू. ४००० × ३००० बिंदूंच्या चित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट लागतात. म्हणजे कच्चे चित्र ३ कोटी ६० लाख बाइटांचे झाले. परंतु मोबाइलमध्ये साठवलेली `.jpg` फाइल बहुधा चाळीस लाख बाइटांच्या आसपास असते. उरलेले तीन कोटींहून अधिक बाइट गेले कोठे?

ते जेपेगने आधीच काढून टाकले. १९९२ साली प्रमाणित झालेली ही रीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे लहान चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातील ६४ आकड्यांचे एका गणिती क्रियेने निराळ्या ६४ आकड्यांत रूपांतर होते. त्यांतील काही चौकोनातील ठळक छटा सांगतात, तर बाकीचे बारीकसारीक फरक. हे बारीक फरक डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते आकडे ढोबळ केले जातात व त्यांतील बहुतेक शून्य होतात. लागोपाठची शून्ये एकत्र मोजून लिहिली जातात. आणि शेवटी, वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, उरलेल्या आकड्यांना त्याच हफमनच्या युक्तीने आखूड-लांब संकेत दिले जातात.

तात्पर्य, झिप ज्या दोन गोष्टी शोधत येते त्या जेपेगने तिच्यापूर्वीच वेचून नेलेल्या असतात. उरलेल्या बाइटांत कोणताही बाइट इतरांहून फारसा अधिक वेळा येत नाही. मग आखूड संकेत द्यावयाचा कोणाला? तीन बाइट योगायोगाने जुळलेच, तरी ते मागे कोठे आहेत हे लिहिण्यास जवळजवळ तितकीच जागा लागते. पट आधीच "वरीलप्रमाणे" अशा खुणांनी भरलेला असेल, तर दुसऱ्या कारकुनाने त्यात काय आटोपशीर करावे? जी अल्प बचत दिसते, बहुधा शेकडा एक-दोन किंवा त्याहूनही कमी, ती फाइलीच्या आरंभी असलेल्या तारीख, कॅमेऱ्याचे नाव इत्यादी नोंदींतून येते. कधी कधी तीही होत नाही व झिपच्या स्वतःच्या नोंदींमुळे आकार किंचित वाढतो.

चलच्चित्रांच्या `.mp4` व गाण्यांच्या `.mp3` फाइलींची गत हीच. `.docx` फाइल तर अंतर्यामी स्वतःच एक झिप असते.

कोणी म्हणेल, पुन्हा पुन्हा झिप करीत गेलो तर? साधी मोजदाद पाहावी. हजार बाइटांच्या जेवढ्या निरनिराळ्या फाइली संभवतात, त्यांच्या मानाने हजारांहून कमी बाइटांच्या सर्व फाइली मिळून सुमारे दोनशे पंचावन्नाव्या हिश्शाइतक्याच भरतात. मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळावयाची, तर प्रत्येकीला स्वतंत्र लहान फाइल हवी. आणि तेवढ्या लहान फाइली अस्तित्वातच नाहीत. सर्व फाइली लहान करणारी रीत म्हणूनच संभवत नाही.

जेपेगमध्ये तिळमात्र फट उरलेली नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ड्रॉपबॉक्सने २०१६ साली प्रसिद्ध केलेली 'लेप्टन' ही रीत जेपेगचे हफमन संकेत उलगडून तेच आकडे अधिक कुशलतेने लिहीत असे आणि सुमारे २२ टक्के जागा वाचवी. परंतु त्यासाठी आत चित्र आहे हे ओळखावे लागते. झिपला ते ठाऊक नसते; तिला दिसतात केवळ बाइट.

ज्यांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांनी एकच छायाचित्र `.jpg` व `.bmp` अशा दोन्ही रूपांत एका झिपमध्ये घालावे आणि लिनक्सवर ही आज्ञा द्यावी :

```
unzip -v photos.zip
```

`Cmpr` या रकान्यात शेकडा किती बचत झाली ते दिसते. `.bmp` पुढे लक्षणीय आकडा दिसेल, `.jpg` पुढे शून्याच्या जवळपासचा.

मग झिपचा उपयोग नाहीच काय? आहे. शंभर छायाचित्रे एका नावाखाली, एकत्र व क्रमवार पाठवण्यास ती उत्तम गाठोडे आहे. मात्र गाठोडे बांधल्याने आतले कपडे कमी होत नाहीत. ज्याला आकार खरोखर घटवावयाचा आहे, त्याने चित्रातील काही गमावण्याची तयारी ठेवावी. ४००० × ३००० चे चित्र २००० × १५०० केले की बिंदू एक-चतुर्थांश उरतात व फाइलही बरीच लहान होते. पडद्यावर पाहण्यास तेवढे पुरते. भिंतीवर मोठे करून लावण्यास कदाचित पुरणार नाही. म्हणून लहान केलेली प्रत पाठवावी आणि मूळ प्रत जपून ठेवावी. काय गमवावे व काय राखावे, हा निर्णय माणसाने करावयाचा असतो. तो झिपवर सोपवता येत नाही.