फोटोतला नऊ कुठून आला?

प्रिय बाळ,

काल तुझ्या आईचा फोन आला होता. ‘हिला गणित झेपत नाही, बाई,’ म्हणत होत्या. मला काही ते पटलं नाही. म्हणून हे पत्र.

आजीच्या आजारपणात तुझे आठ दिवस बुडाले. मैत्रिणीने वहीचे फोटो मोबाइलवर पाठवले, तू रात्री जागून सगळं उतरवून काढलंस. वही पूर्ण झाली, मी सहीसुद्धा केली. (भरलेली वही बघून सही करणारी मी, चूक माझीही आहेच.)

मग चाचणीत x² + १०x − २४ = ० आलं. तू दोन्हीकडे ९ मिळवलेस, आणि पुढे काही जुळेना. हे ९ कुठले? फोटोतल्या उदाहरणातले! तिथे x² − ६x − १६ = ० होतं. सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ. मैत्रिणीला हे तोंडी येतं, म्हणून तिने ती ओळ लिहिलीच नव्हती. तू नऊ उतरवलास, तो आला कसा हे काही फोटोत दिसत नाही.

आता असं कर. फोटो दोन मिनिटं नीट बघ, मोबाइल पालथा ठेव आणि कोऱ्या कागदावर उदाहरण सोडव. अडलीस की तिथे लाल खूण कर, फक्त पुढची एक ओळ बघ, पुन्हा मोबाइल पालथा. तुझी खूण बहुधा नवापाशीच पडेल. पडू दे, अभ्यास तेवढाच करायचा आहे. पुढे (x − ३)² = २५, म्हणजे x − ३ हे ५ किंवा −५, म्हणून x = ८ किंवा −२. दोन्ही उत्तरं मूळ समीकरणात घालून बघ. आठाने ६४ − ४८ − १६, शून्य. फोटोतलं उत्तरही चुकलेलं असू शकतं गं!

दुसऱ्या दिवशी फोटो न बघता तेच, आणि मग चाचणीतलं. दहाचे निम्मे पाच, म्हणून इथे २५ हवेत. (x + ५)² = ४९, x = २ किंवा −१२.

उतरवताना सगळं कळल्यासारखं वाटतं खरं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र, न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. तो उतारा होता, गणित नव्हे, पण तुझी चाचणीही आठवड्यानेच होती ना?

फोटो पुसू नकोस. रविवारी ये. वही नको आणूस, लाल खुणांचे कागद तेवढे आण. आणि आईला म्हणावं, तिच्या फोनचं उत्तर मी त्यानंतर देईन.

तुझ्या बाई