गाणं स्टुडिओतलं, चित्रं मांडवातली

नवरात्र संपलं, कमलाभवानीच्या आवारातली गर्दी ओसरली, की करमाळ्यातल्या एखाद्या मंडळाला हमखास एक कल्पना सुचते. गाणं आधीच पुण्यात जाऊन स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं असतं. कार्यक्रमात तेच गाणं मंचावर गायलं गेलेलं असतं आणि समोर बसलेल्या पन्नास जणांनी ते मोबाईलवर काढलेलं असतं. मग स्टुडिओतलं स्वच्छ गाणं खाली ठेवायचं, त्यावर लोकांचे तुकडे चढवायचे, झाला व्हिडिओ! हे ज्यांनी मनावर घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. काम जमण्यासारखं आहे, पण सुरुवातीलाच एक प्रश्न स्वतःला विचारा. मंचावर वाजलं ते हेच रेकॉर्डिंग होतं, की तेच गाणं त्या रात्री नव्यानं गायलं गेलं होतं?

हा फरक आपल्या तालुक्याला नवा नाही. २०१६ साली आलेल्या ‘सैराट’चं चित्रीकरण इथंच झालं आणि त्यातल्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण अमेरिकेत, सोनीच्या स्टुडिओत झालं. तरी पडद्यावर ओठ आणि शब्द जुळतात. सिनेमाचं गाणं आधी मुद्रित होतं, चित्रीकरणाच्या जागी तेच स्पीकरवर लावतात आणि नट त्यावर ओठ हलवतात. लय तीच, लांबी तीच. शाळेच्या स्नेहसंमेलनातला नाच याच जातीचा. मुलं नाचली ती वाजवलेल्या गाण्यावर, त्यामुळे दहा पालकांच्या दहा क्लिप त्या गाण्यावर एकदा सरकवून बसवल्या की शेवटपर्यंत बसतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या लाटा पाहून आपोआप जुळवणी करायची सोय असते, ती इथं चांगली चालते. या कामासाठी मला कोणी सल्ला विचारू नये, दुपारभरात होतं.

खरा घोळ दुसऱ्या प्रकारात आहे. परदेशात प्रेक्षकांच्या कॅमेऱ्यांतून अख्खे कार्यक्रम उभे केल्याची उदाहरणं आहेत. बीस्टी बॉइज या अमेरिकन गटानं ऑक्टोबर २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रेक्षकांना ५० कॅमेरे वाटले आणि त्यातून सिनेमा केला. रेडिओहेडच्या चाहत्यांनी २३ ऑगस्ट २००९ चा प्रागमधला कार्यक्रम ठरवून चित्रित केला आणि बँडनं त्यांना त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण दिलं. दोन्हीकडे आवाज त्याच रात्रीचा होता, हे विसरू नका. तुमच्या मिक्सरवाल्याकडं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग असेल, तर स्टुडिओतलं गाणं बाजूला ठेवा आणि तेच वापरा. थोडं खरखरीत असेल, पण तुमचे दोन महिने वाचतील. ते नसेल, तरच पुढं वाचा.

आकडा घेऊन बघू. समजा, तुमचं भजन स्टुडिओत मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत, मेट्रोनोमच्या टकटकीवर मुद्रित झालं. ठेका आठ मात्रांचा, म्हणजे एक आवर्तन ४.८ सेकंदांचं. गाणं चार मिनिटांचं, आवर्तनं ५०. मंचावर टकटक नसते. समोर गर्दी असते, टाळ्या असतात आणि ढोलकीवाल्याचा हात गरम होतो. सुरुवात १०२ ला होते आणि शेवटच्या कडव्यात लय १०८ पर्यंत चढते. तेच गाणं मंचावर सुमारे ११ सेकंद आधी संपतं. पहिली ओळ जुळवून क्लिप तशीच सोडून दिली, तर पहिल्या कडव्यातच गायक तोंड मिटून उभा आणि आवाज चालू, अशी गंमत होते. शेवटच्या कडव्यात तर एकेक आवर्तन ४.४४ सेकंदांचं असतं. तिथं एका आवर्तनातच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त फरक पडतो, आणि तो कोणालाही दिसतो.

म्हणून अख्खी क्लिप बसवायचा नाद सोडा. समेवरून समेवर काम करा. आधी स्टुडिओच्या गाण्यात प्रत्येक समेवर खूण टाका. DaVinci Resolve ची फुकट आवृत्ती वापरत असाल, तर गाणं वाजवत राहा आणि समेवर M दाबत जा. मग क्लिपमध्ये, तिचा स्वतःचा आवाज ऐकत, हवी ती ओळ शोधा आणि तिच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या समेवर कापा. असा एक किंवा दोन आवर्तनांचा तुकडा घेऊन त्याचा वेग इतका बदला, की पहिली सम पहिल्या खुणेवर आणि शेवटची सम शेवटच्या खुणेवर पडेल. गणित सोपं आहे. क्लिपमधलं आवर्तन ४.४४ सेकंदांचं आणि गाण्यातलं ४.८ चं, तर वेग ९२.५ टक्के. सुरुवातीच्या १०२ च्या लयीतल्या तुकड्याला ९८ टक्के पुरतात. टक्क्यांत नेमका आकडा टाकता येईल असंच सॉफ्टवेअर घ्या.

क्लिपचा आवाज आधीच काढून टाकू नका, हे अगदी हट्टानं सांगतो. बरेच जण पहिल्याच दिवशी तो बंद करतात आणि मग नुसत्या ओठांकडे बघत सरकवत बसतात. ढोलकीची थाप हाच तुमचा धागा आहे. आणि इथं आपोआप जुळवणीच्या बटणावर विसंबू नका. दोन गायनांच्या लाटा वेगळ्या असतात, त्यामुळे ते बटण एक तर हात वर करतं किंवा भलत्याच कडव्यावर नेऊन बसवतं.

वेग कमी करण्याला मर्यादा आहे. सेकंदाला ३० फ्रेमची क्लिप ९२ टक्क्यांवर आणली, की दर सेकंदाला दोनेक फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. गायकाच्या चेहऱ्यावर ते खपून जातं, ढोलकीवरच्या बोटांत मात्र बारीक अडखळ दिसते. ६० फ्रेमनं काढलेली क्लिप कोणाकडं असेल, तर हातांसाठी तीच राखून ठेवा. ९० च्या खाली गेलात, तर माणसं पाण्यात चालल्यासारखी वाटू लागतात. तिथं तुकडा बदला.

सगळं जुळूनही काही ओळींत ओठ जुळणार नाहीत, कारण गायकानं मंचावर ओळ वेगळी घेतलेली असते. स्टुडिओत सरळ गायलेली ओळ तिथं आलाप घेऊन गायली जाते, किंवा लोकांनी दाद दिली म्हणून तीनदा घोळवली जाते. त्या ओळीवर चेहरा दाखवू नका. तिथं ढोलकी, टाळकऱ्यांची रांग, मागून घेतलेलं मंचाचं चित्र, पुढच्या रांगेतल्या आज्या. चेहरा फक्त जुळलेल्या ओळींवर. पेटीचं मात्र भान ठेवा. स्टुडिओत काळी चारमध्ये गायलं असेल आणि मंचावर आवाज बसला म्हणून काळी दोन घेतली असेल, तर पट्ट्यांवरची बोटं जवळून दाखवू नका. बहुतेकांना कळणार नाही, पण गावातल्या पेटीवाल्यांना कळतं आणि ते बोलतात!

लांबून काढलेल्या क्लिपमध्ये आणखी एक खोड असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवर बसलेल्याच्या फोनमध्ये थाप दिसते आधी आणि ऐकू येते सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं उशिरा, म्हणजे ३० फ्रेमच्या हिशेबात तीन फ्रेम. तुम्ही त्या फोनच्या आवाजावरून जुळवलंत, तर चित्र तीन फ्रेम पुढं धावतं. तुकडा तेवढा उजवीकडं, म्हणजे उशिरा, सरकवा. पण आपल्या मांडवात स्पीकर मागंपर्यंत लावलेले असतात. मागच्या स्पीकरशेजारी बसलेल्याला आवाज तारेतून जवळजवळ लगेच मिळतो. तेव्हा अंतर मंचापासून मोजू नका. क्लिपमध्येच हात ढोलकीवर आपटताना बघा, थाप किती फ्रेमनंतर येते ते मोजा आणि तेवढंच सरकवा. संशय असेल तर चित्र किंचित आधी राहू द्या. आवाज उशिरा आलेला डोळा बराच खपवून घेतो, आवाज आधी आला की लगेच खटकतं.

क्लिप गोळा करताना दोन गोष्टी सांभाळा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून बारीक होते, म्हणून मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागा, किंवा सरळ पेनड्राइव्ह घेऊन घरी जा. दुसरं, मोबाईल अंधारात आपल्या मनानं फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. त्यामुळे एखादी क्लिप सुरुवातीला तिच्या स्वतःच्याच आवाजाशी जुळते आणि तीन मिनिटांनी सुटते. ही लक्षणं दिसली, की HandBrake मध्ये Constant Framerate निवडून ती फाईल आधी बदलून घ्या आणि मग एडिटिंगला घ्या. नाही तर दिवसभर जुळवलेलं दुसऱ्या दिवशी बिघडलेलं दिसतं आणि दोष उगाच ढोलकीवाल्याला जातो.

स्टुडिओच्या आवाजात मांडव नसतो. लोक टाळ्या वाजवताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही, हे फार विचित्र वाटतं. गाणं सुरू होण्याआधीचा गलका, शेवटच्या टाळ्या आणि ‘बोला पुंडलिक वरदा’चा गजर क्लिपमधून घ्या आणि हळू आवाजात खाली मिसळा. फक्त संगीत थांबलेल्या जागाच घ्या. संगीत चालू असतानाचा क्लिपचा आवाज मिसळलात, तर वेगळ्या लयीतलं आणि कदाचित वेगळ्या पट्टीतलं तेच गाणं मागून कुरकुरत राहतं.

तयार झालेला व्हिडिओ मोठ्या पडद्यावर ढोलकीवाल्याला दाखवा. गायकाला नको, तो स्वतःचा चेहराच बघत बसतो. ढोलकीवाला ज्या जागी मान हलवायची थांबेल, ती जागा लिहून ठेवा आणि तिथला तुकडा बदला.

टाकण्याआधी व्हिडिओत स्पष्ट लिहा: ध्वनी स्टुडिओतला, चित्रण कार्यक्रमातलं. हे लपवलं, तर लोक समजतात की मंचावरच इतकं स्वच्छ गायलं गेलं, आणि पुढच्या कार्यक्रमात तीच अपेक्षा गायकाच्या गळ्यात पडते. क्लिप देणाऱ्यांची नावं त्यांना विचारून शेवटी टाका. गायक-वादकांची परवानगी लेखी घ्या, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताचा त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे. रेकॉर्डिंगचा खर्च मंडळानं केला असेल तरी स्टुडिओशी आणि संगीतकाराशी काय ठरलं होतं, तो कागद काढून वाचा. आणि गाणं सिनेमाचं असेल, तर ते कंपनीच्या मालकीचं आहे. यूट्यूबची यंत्रणा बहुधा ते ओळखते आणि मग जाहिरातीचे पैसे कंपनीकडं जातात, किंवा व्हिडिओ बंद तरी पडतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा असा व्हिडिओ पालकांच्या गटातच ठेवा. त्यात दुसऱ्यांची मुलंही आहेत.